केशव सिंहांची पाठ: विधानसभा बाहेरच्या माणसाला कधी शिक्षा करू शकते?

हक्कभंगाची बातमी आली की चर्चा एका ठरलेल्या वळणावर जाऊन अडते. एक बाजू म्हणते सभागृह सार्वभौम आहे, दुसरी म्हणते अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं काय? दोन्ही बाजू 1964 च्या केशव सिंह प्रकरणाचा दाखला देतात आणि दोघांनाही त्यात आपल्या सोयीचं काहीतरी सापडतं. म्हणून ते प्रकरण मुळापासून, घडलं त्या क्रमाने बघू. त्यात नेमकं काय ठरलं आणि काय ठरलंच नाही, हे क्रमातूनच कळतं.

केशव सिंह गोरखपूरचे, समाजवादी कार्यकर्ते. त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक पत्रक छापून वाटलं. काँग्रेसचे आमदार नरसिंह नारायण पांडे यांच्या कारनाम्यांचा भंडाफोड, अशा अर्थाचं हिंदी शीर्षक त्यावर होतं आणि खाली नावं होती. आमदारांनी तक्रार केली, उत्तर प्रदेश विधानसभेच्या विशेषाधिकार समितीने चौकशी केली आणि हक्कभंग झाल्याचा निष्कर्ष काढला. सभागृहाने शिक्षा ठरवली ती अगदी सौम्य: तिघांना सभागृहापुढे उभं करून समज द्यायची.

दोघे सहकारी 19 फेब्रुवारी 1964 रोजी लखनौला हजर झाले, समज ऐकली आणि घरी गेले. केशव सिंह आले नाहीत. गोरखपूर ते लखनौ रेल्वेभाड्याला पैसे नाहीत, असं त्यांनी कळवलं. मग वॉरंट निघालं आणि 14 मार्चला त्यांना अटक करून सभागृहात आणण्यात आलं.

त्या दिवशी जे घडलं त्यावर पुढचं सगळं उभं आहे. अध्यक्ष मदन मोहन वर्मा यांनी त्यांना नाव विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. केशव सिंह काही बोलले नाहीत. ते अध्यक्षांकडे पाठ करून उभे राहिले आणि सांगूनही वळले नाहीत. त्या पाठमोऱ्या माणसाला अध्यक्षांनी समज दिली. म्हणजे पत्रकाची शिक्षा तिथे पूर्ण झाली. त्यानंतर अध्यक्षांनी सभागृहाला एक पत्र दाखवलं. केशव सिंहांनी ते 11 मार्चला अध्यक्षांनाच लिहिलं होतं. पत्रकातला मजकूर खरा आहे, भ्रष्ट माणसाला भ्रष्ट म्हणायला मला जराही संकोच वाटत नाही आणि तुमचं हे नादिरशाही फर्मान म्हणजे लोकशाहीवरचा हल्ला आहे, असा त्याचा आशय होता. सभागृहाने लगेच ठराव केला: पत्रातली भाषा आणि सभागृहासमोरचं वर्तन, या दोहोंबद्दल सात दिवसांची कैद. लखनौच्या जिल्हा तुरुंगाच्या अधीक्षकाच्या नावे वॉरंट निघालं. ते मोघम होतं. सभागृहाचा अवमान झाला एवढंच त्यात म्हटलेलं, कोणत्या कृत्याने झाला हे लिहिलेलं नव्हतं.

पुष्कळ लेखांत सरधोपट लिहिलेलं असतं की केशव सिंहांना पत्रक छापल्याबद्दल तुरुंगात टाकलं. तसं झालं नाही. पत्रकाबद्दल त्यांना समज मिळाली, तुरुंग मिळाला तो पत्राबद्दल आणि पाठ फिरवल्याबद्दल. हा फरक पुढे लागणार आहे.

तीन वाजता कोणी आलंच नाही

19 मार्चला, शिक्षा संपत आलेली असताना, ॲडव्होकेट बी. सॉलोमन यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठापुढे अर्ज केला. अनुच्छेद 226 आणि त्या काळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 491, म्हणजे हेबिअस कॉर्पस, बेकायदा कैदेतून सोडवण्याचा अर्ज. मुद्दे साधे होते: समज देऊन झाल्यावर पुन्हा तुरुंग कसा, बचावाची संधी कुठे दिली आणि हे सगळं आकसाने केलेलं आहे. पीठावर न्यायमूर्ती नसीरुल्ला बेग आणि न्यायमूर्ती जी. डी. सहगल होते. सरकारी वकिलांनी दुपारी तीनपर्यंत वेळ मागून घेतला. तीन वाजले, पण सरकारतर्फे कोणी आलंच नाही. न्यायालयाने अर्ज सुनावणीला घेतला आणि तोवर केशव सिंहांना एक हजार रुपयांचे दोन जामीनदार व तेवढ्याच रकमेचा जातमुचलका यांवर सोडलं.

अटकेत असलेल्या माणसाचा अर्ज आला, समोरची बाजू फिरकली नाही, तर न्यायालय याहून वेगळं काय करणार? पण विधानसभेला तसं वाटलं नाही. 21 मार्चला तिने ठराव केला की केशव सिंह, त्यांचे वकील सॉलोमन आणि बेग व सहगल हे दोन न्यायमूर्ती, अशा चौघांनी सभागृहाचा अवमान केला आहे. केशव सिंहांना परत तुरुंगात घाला आणि उरलेल्या तिघांना अटक करून सभागृहापुढे आणा. उच्च न्यायालयाच्या विद्यमान न्यायमूर्तींना जामीन मंजूर केल्याबद्दल पकडून आणायचं! न्यायमूर्तींना ही बातमी त्या संध्याकाळी रेडिओवरून कळली.

23 मार्चला दोन्ही न्यायमूर्तींनी स्वतःच अलाहाबादला अर्ज दाखल केले. त्या दोघांना वगळून उच्च न्यायालयाचे 28 न्यायाधीश एका पीठावर बसले आणि त्यांनी वॉरंटच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. 25 मार्चला सभागृहाने एक पाऊल मागे घेतलं. अटकेची वॉरंटं रद्द केली, पण तिघांनी येऊन खुलासा करावा ही मागणी कायम ठेवली. तिलाही स्थगिती मिळाली. 26 मार्चला राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी अनुच्छेद 143(1) खाली सगळा मामला सर्वोच्च न्यायालयाकडे सल्ल्यासाठी पाठवला. पाच दिवसांत एका पत्रकाच्या भांडणाचा घटनात्मक पेच झाला होता.

घटनेत जे शब्द नाहीत

विधानसभांचे विशेषाधिकार अनुच्छेद 194 मध्ये आहेत, संसदेचे 105 मध्ये, दोन्हींची रचना एकच. 194(1) सांगतं की सभागृहात भाषणस्वातंत्र्य असेल आणि ते घटनेच्या तरतुदींना अधीन असेल. 194(3) सांगतं की बाकीचे विशेषाधिकार विधिमंडळ कायदा करून ठरवेल आणि तसं ठरवेपर्यंत ते ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला घटना लागू होताना जे होते तेच असतील. इथे ‘घटनेच्या तरतुदींना अधीन’ हे शब्द नाहीत. अर्धी लढाई या गाळलेल्या शब्दांवरून आहे. (44 व्या घटनादुरुस्तीने हाउस ऑफ कॉमन्सचं नाव काढलं, पण दुरुस्ती लागू होण्याआधी जे विशेषाधिकार होते तेच पुढे चालू ठेवले. पाटी बदलली, माल तोच.)

या शब्दांचा पहिला मोठा अर्थ 1958 मध्ये लागला. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ या दैनिकाने बिहार विधानसभेतल्या एका भाषणाचा कामकाजातून वगळलेला भागही छापला होता. संपादक एम. एस. एम. शर्मा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि बहुमताने हरले. न्यायालय म्हणालं, अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारा अनुच्छेद 19(1)(अ) हा सर्वसाधारण नियम आहे, 194(3) विशेष नियम आहे, दोहोंत विसंगती आली तर विशेष नियम चालेल. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं मत एकट्याचं आणि विरुद्ध होतं. त्याच निकालात बहुमताने जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद 21 मात्र नाकारला नाही. सभागृहाने अनुच्छेद 208 खाली नियम केले आहेत, त्या नियमांनुसार कोणाला अटक झाली तर ती कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीने झालेली अटक ठरेल, एवढंच म्हटलं. म्हणजे पद्धत पाळायलाच हवी, हे तेव्हापासून मान्य आहे.

1964 मध्ये सात न्यायमूर्तींपुढे सुनावणी झाली. सरन्यायाधीश होते साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. विधानसभेची बाजू मांडायला एच. एम. सीरवाई उभे होते, जे तेव्हा महाराष्ट्राचे ॲडव्होकेट जनरल होते. न्यायमूर्तींच्या बाजूने एम. सी. सेटलवाड होते. सीरवाईंनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं की सभागृह इथे हजर आहे याचा अर्थ त्याने आपल्या विशेषाधिकारांवर निर्णय देण्याचा न्यायालयाचा अधिकार मान्य केला, असा नाही. त्यांचा युक्तिवाद थेट होता. हाउस ऑफ कॉमन्सने मोघम वॉरंट काढलं तर इंग्लंडमधली न्यायालयं त्याच्या आत डोकावत नाहीत. 194(3) ने कॉमन्सचे सगळे विशेषाधिकार इथल्या सभागृहांना दिले, तेव्हा हाही दिला. मग लखनौच्या न्यायमूर्तींना अर्जाला हात लावायचा अधिकारच नव्हता.

इंग्लंडमधली मोघम वॉरंटची गोष्ट खरी आहे. 1840 मध्ये कॉमन्सने मिडलसेक्सच्या शेरिफना कैद केलं होतं. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी न्यायालयाचा एक हुकूम अमलात आणला होता. वॉरंटवर फक्त ‘अवमान’ असं लिहिलेलं होतं. न्यायालयाला आतली हकीकत पक्की ठाऊक होती, तरी कारण लिहिलेलं नाही म्हणून ते काही करू शकलं नाही. कारण लिहिलं असतं तर ते तपासता आलं असतं. म्हणजे वॉरंट जितकं मुकं, तितकं सुरक्षित.

न्यायालयाने काय ठरवलं

30 सप्टेंबर 1964 ला सल्ला आला. सहा न्यायमूर्ती एका बाजूला, न्यायमूर्ती ए. के. सरकार यांचं मत वेगळं. बहुमताने सीरवाईंच्या साखळीतली मधली कडी तोडली. कॉमन्सच्या मोघम वॉरंटला अभय मिळतं ते ती कायदेमंडळ आहे म्हणून नव्हे. एके काळी संसद हेच इंग्लंडचं उच्च न्यायालय होतं, आणि एका वरिष्ठ न्यायालयाने दुसऱ्याच्या हुकमात डोकावू नये या सौजन्यातून ती प्रथा आली. भारतातली कोणतीही विधानसभा कधीच न्यायालय नव्हती. तेव्हा तिच्याकडे हा वारसा येण्याचा प्रश्न नाही. शिवाय इथे लिखित घटना आहे, अनुच्छेद 32 आणि 226 आहेत, आणि तुरुंगातल्या माणसाला ‘मला का ठेवलंय’ हे विचारण्याचा हक्क त्यांतून मिळतो. अनुच्छेद 211 तर न्यायमूर्तींच्या कामकाजातल्या वर्तनावर विधिमंडळात चर्चा करायलाही मनाई करतो. ज्यावर चर्चाच करता येत नाही, त्यावरून अटक कशी करणार?

निष्कर्ष: लखनौ पीठाला अर्ज ऐकण्याचा आणि जामीन देण्याचा अधिकार होता. न्यायमूर्तींनी अवमान केला नाही, वकिलाने अर्ज दाखल करून केला नाही आणि केशव सिंहांनीही न्यायालयात जाऊन केला नाही. अनुच्छेद 212 कार्यपद्धतीतल्या अनियमिततेला संरक्षण देतो, बेकायदेशीरपणाला नाही. शेवटी गजेंद्रगडकरांनी एक कानपिचकीही दिली आणि ती आधी न्यायाधीशांना दिली: अवमानाची सत्ता रागाच्या भरात वारंवार वापरल्याने प्रतिष्ठा टिकत नाही, आणि न्यायपालिकेला जे लागू तेच विधिमंडळालाही.

पण या सल्ल्याची कक्षा त्यांनी जाणूनबुजून अरुंद ठेवली. सभागृहाच्या चार भिंतींबाहेर, सदस्य नसलेल्या माणसाने केलेल्या कथित अवमानापुरतंच आम्ही बोलतो आहोत, असं त्यांनी बजावलं. शर्मा निकाल त्यांनी फिरवला नाही. त्यामुळे 19(1)(अ) विरुद्ध 194(3) हा सामना जिथे 1958 मध्ये थांबला होता तिथेच राहिला.

आणि मूळ माणूस? त्याचा अर्ज अलाहाबादला अजून शिल्लक होता. 10 मार्च 1965 ला उच्च न्यायालयाने तो फेटाळला. सभागृहाला अवमानाबद्दल कैदेची शिक्षा देण्याचा अधिकार आहे, पद्धत पाळलेली आहे, आणि सभागृहाला जे अवमानकारक वाटलं ते योग्यच वाटलं का, हे आम्ही अपिलासारखं तपासणार नाही, असा त्याचा रोख होता. न्यायमूर्ती जिंकले, वकील जिंकला, केशव सिंह हरले. ज्या शिक्षेचा जेमतेम शेवट उरला होता, तिच्यापायी वर्षभर सगळी यंत्रणा हलली. मला हा निकाल विसंगत वाटत नाही. न्यायालय दार उघडू शकतं का, हा एक प्रश्न. दार उघडल्यावर आत काय दिसतं, हा दुसरा.

पाच कृत्यं, वेगवेगळी

आता हेच प्रकरण आज घडलं असतं तर? उत्तर द्यायचं तर केशव सिंहांनी केलेल्या गोष्टी सुट्या कराव्या लागतात. त्यांनी पत्रक छापलं, बोलावल्यावर आले नाहीत, सभागृहात पाठ फिरवली, अध्यक्षांना खरमरीत पत्र लिहिलं आणि न्यायालयात गेले.

न्यायालयात जाण्याचा हिशोब 1964 मध्येच मिटला. पाठ फिरवणंही सोपं आहे, उलट बाजूने सोपं. सभागृह चालू असताना, त्याच्या समोर, त्याच्या कामात आडकाठी आणणारं वर्तन. विशेषाधिकार ज्या कारणासाठी आहेत ते कारण इथे शंभर टक्के लागू आहे. उद्या कोणी प्रेक्षक सज्जातून घोषणा देत कागद भिरकावले तर त्याला कामकाज संपेपर्यंत कोठडीत बसवण्याच्या सभागृहाच्या अधिकारावर कोणी प्रश्न उपस्थित करत नाही. न येणं थोडं कठीण. साक्षीला बोलावलेला माणूस आला नाही तर चौकशीच ठप्प होते, म्हणून समन्स मोडणं हा अवमान आहे. पण भाड्याला पैसे नाहीत हे कारण खरं की बहाणा, हे कोणीतरी विचारायला हवं होतं. अनिच्छा आणि असमर्थता यांत फरक आहे.

खरी कसोटी पत्रक आणि पत्र यांची. इथे 1964 नंतरचे निकाल कामाला येतात. ते बहुतेक सदस्यांबद्दलचे आहेत, पण त्यांतलं सूत्र बाहेरच्या माणसाला जास्तच लागू पडतं. 2007 मध्ये राजा राम पाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सभागृहाच्या शिक्षेची कृती ढोबळ बेकायदेशीरपणा किंवा घटनाभंग या कारणांसाठी तपासता येते आणि मूलभूत हक्क त्या तपासणीबाहेर नाहीत. 2010 मध्ये अमरिंदर सिंग यांचं प्रकरण आलं. पंजाब विधानसभेने त्यांना 2008 मध्ये बडतर्फ केलं होतं, ते आधीच्या विधानसभेच्या काळात, मुख्यमंत्री म्हणून अमृतसरमधल्या एका जमिनीबाबत केलेल्या निर्णयावरून. घटनापीठाने बडतर्फी रद्द केली. जो गैरव्यवहार म्हणता त्याने सभागृहाच्या कामात अडथळा कसा आला, हे दाखवता येत नसेल तर तो विशेषाधिकाराचा विषय नाही. गुन्हा असेल तर फौजदारी कायदा आहे. 2024 मध्ये सीता सोरेन प्रकरणात सात न्यायमूर्तींनी हेच दोन प्रश्नांत बांधलं: मागितलेला विशेषाधिकार सभागृहाच्या सामूहिक कामकाजाशी जोडलेला आहे का, आणि तो सदस्याचं मूळ कर्तव्य पार पाडायला आवश्यक आहे का?

या कसोटीवर पत्रक धरून बघा. एका आमदारावर आरोप. आमदार सभागृहात कसं मतदान करतो, कोणता प्रश्न पैसे घेऊन विचारतो, असा आरोप असेल आणि तो खोटा असेल, तर सभागृहाच्या कामाशी त्याचा संबंध जोडता येईल. समितीपुढे साक्ष देऊ नये म्हणून कोणाला धमकावलं असेल, तर तो संबंध अगदी थेट आहे. पण आमदाराने मतदारसंघात ठेके कसे वाटले, मालमत्ता कशी जमवली, असा आरोप असेल तर दुखावली ती त्या माणसाची अब्रू. तिच्यासाठी मानहानीचा दावा आहे, तिथे आरोप करणाऱ्याला सत्याचा बचाव करता येतो, साक्षीदार तपासता येतात, आणि निर्णय देणारा स्वतः फिर्यादी नसतो. हक्कभंगाच्या वाटेने गेलं की हे तिन्ही हातचे जातात. म्हणूनच ती वाट आमदारांना आवडते, असं मला स्पष्ट वाटतं.

पत्राबाबत मत द्विधा होऊ शकतं. ते सभागृहाच्या निर्णयावर केलेली टीका होतं, भाषा तिखट होती, पण त्याने कामकाज थांबलं नाही. पत्र अध्यक्षांच्या फायलीत होतं, सभागृहात ते वाचलं अध्यक्षांनीच. ‘नादिरशाही’ या शब्दाबद्दल तुरुंग द्यायचा असेल तर सभागृहाच्या कोणत्याही कठोर टीकाकाराला देता येईल. सात दिवसांच्या शिक्षेत पत्राचा वाटा किती आणि पाठीचा किती, हे ठरावात नाही, आणि माझ्या मते तिथेच तो ठराव कच्चा आहे. दोन कृत्यांची एकच शिक्षा असेल आणि एक कृत्य कसोटीवर टिकत नसेल, तर दुसऱ्याच्या आधाराने पूर्ण शिक्षा उभी राहू नये.

पद्धत कुठे चुकते

हक्काचा प्रश्न बाजूला ठेवला तरी प्रकरणं बहुधा पद्धतीत फसतात. 1952 मध्ये ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या होमी मिस्त्री यांना उत्तर प्रदेश विधानसभेच्या हक्कभंगासाठी मुंबईतून उचलून लखनौला नेलं आणि एका हॉटेलात अध्यक्षांच्या ताब्यात ठेवलं. 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद 22(2) चा भंग झाला एवढ्यावर त्यांना सोडलं. विशेषाधिकाराच्या तत्त्वात ते शिरलेच नाहीत. केशव सिंहांबाबत हीच बाब बोचते. समितीने चौकशी केली ती पत्रकाची. पत्र आणि वर्तन यांबद्दल वेगळी नोटीस नाही, समिती नाही, उत्तर द्यायला वेळ नाही. ठराव तिथल्या तिथे झाला. समोर घडलेल्या वर्तनाला हे चालून जाईल, न्यायालयंही डोळ्यांदेखत झालेल्या अवमानात तसंच करतात. तीन दिवस आधी लिहिलेल्या पत्राला मात्र ही घाई शोभत नाही.

शिक्षेचं मापही बघावं लागतं. इंग्लंडमध्ये कॉमन्सने दिलेली कैद सत्रसमाप्तीबरोबर संपते, कारण ती कामकाजातला अडथळा दूर करण्यासाठी असते. दंडाचा अधिकार कॉमन्सने 1666 नंतर वापरलेला नाही. आता कर्नाटक 2017 घ्या. विधानसभेने दोन संपादकांना आमदारांविरुद्धच्या लेखनाबद्दल प्रत्येकी एक वर्ष कैद आणि दहा हजार रुपये दंड ठोठावला. एक वर्ष कोणत्या अधिवेशनाच्या कामकाजाला संरक्षण देतं? 2022 मध्ये महाराष्ट्राच्या 12 आमदारांचं एक वर्षाचं निलंबन सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, तेव्हा कारण हेच होतं की अधिवेशनापलीकडची शिक्षा कामकाज सुरळीत करण्यासाठी नसते. ते सदस्यांचं प्रकरण होतं, पण बाहेरच्या माणसाला सदस्याहून कडक माप लावायचं तर त्याचं कारण द्यावं लागेल.

आणि 2020 चं महाराष्ट्र. अर्णब गोस्वामी यांच्याविरुद्ध विधानसभेत हक्कभंगाचा प्रस्ताव आला, त्याच्या नोटिशीविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले. मग विधिमंडळ सचिवालयातून 13 ऑक्टोबरचं पत्र गेलं: सभागृहाचा पत्रव्यवहार गोपनीय असताना तो तुम्ही न्यायालयात सादर केलात. सरन्यायाधीश बोबडे यांच्या पीठाने 6 नोव्हेंबरला पत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्यालाच अवमानाची कारणे दाखवा नोटीस काढली आणि या प्रकरणात अटकेला मनाई केली. मूळ वार्तांकनाबद्दल तुमचं मत काहीही असो (माझं फारसं चांगलं नाही), त्या पत्राने 1964 ची चूक हुबेहूब केली होती. न्यायालयाचं दार ठोठावणं हाच अपराध धरला होता. शर्मा निकालाची ढाल सभागृहाला वार्तांकनाच्या बाबतीत तरी मिळू शकली असती. दार अडवण्याच्या बाबतीत ती कधीच नव्हती.

मग अशी नोटीस हाती आलेल्या माणसाच्या वकिलाने काय बघायचं? आधी नोटिशीत कोणतं कृत्य लिहिलंय. लिहिलंच नसेल तर ती मिडलसेक्सची नक्कल आहे आणि ती इथे चालत नाही. लिहिलं असेल तर त्या कृत्याने सभागृहाचं नेमकं कोणतं काम अडलं हे विचारायचं, आणि उत्तर ‘सदस्याची प्रतिमा मलिन झाली’ एवढंच येत असेल तर अमरिंदर सिंग निकाल पुढे करायचा. समितीपुढे हजर मात्र व्हायचं. गैरहजेरीने एक नवा, जास्त भक्कम अवमान पदरात पडू शकतो, केशव सिंहांबाबत तर अटकेचं वॉरंटच निघालं. अर्ज लवकर करायचा, पण नोटीस मिळताच नव्हे. केवळ नोटिशीच्या टप्प्यावर न्यायालयं सहसा हात घालत नाहीत, समिती ऐकून घेईल असं धरून चालतात.

हे सगळं निकालांतून चिमट्याने वेचावं लागतं, कारण कायदा नाही. 194(3) मध्ये ‘कायद्याने ठरवेपर्यंत’ असं 1950 पासून लिहिलेलं आहे आणि संसदेने वा विधानसभांनी विशेषाधिकारांची पूर्ण संहिता आजवर केलेली नाही. केली तर तो साधा कायदा असेल आणि अनुच्छेद 13 खाली मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासला जाईल, हे सर्चलाइट निकालाने 1958 मध्येच सांगून टाकलं. न केला तर विशेषाधिकार घटनेतूनच आल्याचा दर्जा टिकतो आणि 19(1)(अ) ला वरचढ राहतो. कोणतं सभागृह हा सौदा स्वतःहून मोडेल?